मे महिन्यातला स्लॅब: भेग पडते ती पहिल्या काही तासांत

प्रश्न: वर्ध्याकडे घर बांधतोय. परवा पहिला स्लॅब टाकला. सकाळी १० ला सुरू केला, ४ वाजता संपला. साडेपाचलाच वर तिरप्या भेगा दिसल्या, काही हातभर, काही चार-पाच फुटांच्या. ठेकेदार म्हणतो उन्हाने पडतातच, सिमेंटचं पाणी फिरवलं की झालं. स्लॅब कमजोर झाला का? वरचा स्लॅब पावसाआधी, महिनाअखेरीस टाकायचा आहे. कोणी म्हणतं रात्री टाका, कोणी म्हणतं सिमेंट वाढवा. काय करू?

उत्तर: भेगा कधी दिसल्या ती वेळ तुम्ही लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण निम्मं निदान तिथेच होतं. साडेपाचला तुमचा स्लॅब पूर्णपणे सेंट्रिंगवर टेकलेला होता. त्याने स्वतःचंसुद्धा वजन अजून पेललेलं नव्हतं. त्यामुळे या भेगा वजनाने पडलेल्या नाहीत आणि सळई कमी पडली म्हणूनही नाहीत. माल घट्ट होण्याआधीच वरचा थर सुकला, आकसला आणि फाटला. याला प्लॅस्टिक श्रिंकेज म्हणतात. इथे प्लॅस्टिक म्हणजे माल अजून मऊ असतानाची अवस्था.

तरी एकदा वर जाऊन नीट बघा. अशा भेगा बहुधा कडेशी तिरप्या आणि एकमेकींना साधारण समांतर असतात. दोन भेगांमध्ये फूट-दीड फुटापासून तीन फुटांपर्यंत अंतर असतं आणि बऱ्याचदा त्या कडेपर्यंत न पोचता मध्येच विरतात. भेगा सरळ रेषेत, वरच्या सळयांच्या बरोबर डोक्यावरून, सळयांच्याच अंतराने जात असतील तर प्रकार वेगळा: माल खाली बसला, सळईने त्याला अडवलं आणि वर चीर पडली. तिथे दोष व्हायब्रेटर कमी फिरवल्याचा, माल सैल असल्याचा किंवा सळईवर कव्हर कमी असल्याचा असतो. तुमच्या वर्णनावरून मला तो प्रकार वाटत नाही.

आता स्लॅब कमजोर झाला का? खोल्यांवरच्या साध्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ताण खालच्या बाजूला येतो, तिथे वरच्या भेगेने ताकदीत फारसा फरक पडत नाही. खरा धोका पाण्याचा आहे. स्लॅब चार-पाच इंचांचाच असतो आणि या भेगा पुष्कळदा आरपार जातात. मग गळती होते आणि काही वर्षांनी सळई गंजते. पण बाल्कनी किंवा मोठा छज्जा असेल तर तिथलं गणित उलटं असतं. तिथे ताण वरच्या बाजूला असतो आणि मुख्य सळईही वरच असते. बाल्कनी जिथे बीमला मिळते तिथे बीमला समांतर भेग दिसली, तर सेंट्रिंग काढण्याआधी तुमच्या इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलावून दाखवा. हे फोटोवर ठरवण्यासारखं नाही.

सिमेंटचं पाणी फिरवू नका. त्याचा पापुद्रा वरच बसतो, आठवड्यात सुकून तडकतो आणि खालची भेग तशीच राहते. शिवाय भेग झाकली गेली की ती पुढे कुठपर्यंत गेली हे कळत नाही. आत्ता एवढंच करा: भेगांतली धूळ-माती ब्रशने आणि पाण्याने साफ करा, आळी बांधा, त्यात दोन इंच पाणी उभं करा आणि चौदा दिवस ते आटू देऊ नका. केसासारख्या बारीक भेगा उभ्या पाण्याखाली पुष्कळदा आपोआप भरतात, त्या जागी पांढरी रेघ उमटते. सेंट्रिंग काढल्यावर खालून बघा. जिथे ओल्या रेघा दिसतील तिथे भेग आरपार आहे, त्यांवर खडूने खूण करून ठेवा. स्लॅब पुरता वाळल्यावर त्या भेगांत पातळ इपॉक्सी सोडायचं, ते स्वतःच्या वजनाने आत उतरतं. ज्या आरपार नाहीत त्या थोड्या रुंद करून वॉटरप्रूफिंगआधी पॉलिमर मॉर्टरने भरल्या की पुरे.

आता वरचा स्लॅब.

आपल्याकडचा कुलर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात कुलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि खोली गार पडते. जुलैत तोच कुलर, तोच पंखा, पण टाकी दिवसभर पुरते आणि गारवा काही येत नाही. पाणी किती उडणार हे नुसत्या उन्हावर ठरत नाही. हवा किती कोरडी आहे आणि वारा किती आहे, यावर ते ठरतं. नुकता टाकलेला स्लॅब म्हणजे हजार चौरस फुटांची कुलरची ताटी आहे. फरक इतकाच की कुलरला पंप सारखं पाणी पुरवतो, स्लॅबला फक्त स्वतःच्या पोटातलं पाणी मिळतं. माल खाली बसताना थोडं पाणी वर येतं, त्यानेच टाकलेला माल चमकतो. ते जितकं वर येतं त्याहून जास्त उडायला लागलं की चमक जाते, वरच्या बारीक कणांमधलं पाणी ताणलं जातं आणि कण एकमेकांकडे ओढले जातात. मालात तेव्हा ती ओढ सोसण्याइतकी ताकद नसते, म्हणून तो फाटतो.

पाणी किती उडेल याचा अंदाज बांधायला एक सूत्र आहे, मोबाइलवर सहज होतं:

```
E = 5 × [(Tc+18)^2.5 − r × (Ta+18)^2.5] × (V+4) × 10^-6
```

E म्हणजे एका चौरस मीटरवरून तासाला उडणारं पाणी, किलोत. Tc मालाचं तापमान, Ta हवेचं, r हवेतली आर्द्रता (१५ टक्के असेल तर 0.15) आणि V वाऱ्याचा वेग, ताशी किलोमीटर. उत्तर १ च्या जवळ आलं की बंदोबस्त केल्याशिवाय स्लॅब उघडा ठेवायचा नाही, ही जुनी मान्य मर्यादा आहे. पीपीसी सिमेंटमध्ये फ्लाय ॲश असते, त्यामुळे मालातून वर येणारं पाणी कमी असतं. तिथे मी अर्ध्यालाच सावध होतो.

तुमच्या त्या दिवसाचे आकडे मला माहीत नाहीत, पण विदर्भातली मेमधली दुपार धरू. हवा ४२ अंश, माल ३८, आर्द्रता १५ टक्के, वारा ताशी १५ किलोमीटर. उत्तर येतं सुमारे १.८. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे तासाला १७० लिटर. पाण्याचा जवळजवळ एक अख्खा ड्रम तुमच्या स्लॅबमधून दर तासाला हवेत गेला.

आता या गणितात एकेक गोष्ट बदलून बघा. बर्फ वगैरे वापरून माल ३८ वरून ३२ अंशांवर आणला तर १.८ चं साधारण १.३ होतं. काहीच गार केलं नाही, नुसता वारा अडवून १५ वरून ५ वर आणला, तर ०.९ होतं. लोक सगळा जोर पाणी गार करण्यावर देतात, आणि वारा अडवायचं मात्र कोणाच्या मनातही येत नाही. वाऱ्याच्या बाजूला बांबू रोवून चार-पाच फूट उंच तट्टे किंवा दुहेरी हिरवी नेट ताणली, तर खर्च थोडा आणि फायदा सगळ्यात मोठा. वरच्या मजल्यावर वारा जमिनीपेक्षा जास्त असतो, म्हणून तुमच्या पुढच्या स्लॅबला याची गरज जास्तच आहे.

रात्री टाकावा का? टाकावा, पण नेमका केव्हा ते महत्त्वाचं आहे. बरेच जण पहाटे सहाला सुरू करतात. मीही तसंच करायचो. चंद्रपूरकडे एका घराचा अकराशे फुटांचा स्लॅब आम्ही पहाटे सहाला सुरू केला, साडेअकराला संपवला. दुपारी बघतो तर आधी टाकलेला निम्मा भाग स्वच्छ आणि शेवटच्या दोन खोल्यांवर अगदी तुमच्यासारख्या तिरप्या भेगा. आठच्या सुमाराला टाकलेला माल ऊन कडक होईपर्यंत बराच घट्ट झाला होता. अकराला टाकलेला माल मात्र बरोबर दुपारी मऊ होता. तेव्हापासून मी माल कधी टाकायचा ते बघत नाही, शेवटचा माल कधी घट्ट होणार ते आधी ठरवतो आणि तिथून मागे मोजतो.

त्याच घराचा वरचा स्लॅब आम्ही संध्याकाळी साडेसहाला सुरू केला. चार वाजताच गिट्टीच्या ढिगावर पाणी मारायला सुरुवात केली होती आणि मिक्सरसाठी लागणारं पाणी काळ्या टाकीतून न घेता सावलीतल्या, गोणपाट गुंडाळलेल्या ड्रमांत भरून ठेवलं होतं. माल एक अंशाने गार करायचा तर सिमेंट आठ-नऊ अंशांनी गार करावं लागतं, पाणी चारेक अंशांनी आणि गिट्टी-रेती मात्र दीड-दोन अंशांनीच. म्हणून गिट्टी सावलीत आणि ओली असणं सगळ्यात उपयोगी. पण गिट्टीतलं आणि रेतीतलं हे पाणी मिक्सरमध्ये मोजायला विसरायचं नाही, नाहीतर माल सैल होतो. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा दिवसभर तापून हात टेकवू देत नव्हत्या. सहाला त्या आणि सळया पाण्याने धुऊन गार केल्या, साचलेलं पाणी काढून टाकलं.

सात वाजता हवा ३६ अंश होती. त्या वेळी तेच सूत्र लावलं तर सुमारे ०.८ येतं. मध्यरात्रीनंतर ३० अंश, वारा पडलेला, तेव्हा अर्ध्यावर. म्हणजे संध्याकाळी टाकलेला भागसुद्धा पीपीसीच्या हिशोबाने धोक्याबाहेर नव्हता, झाकावाच लागला. रात्र झाली म्हणून बेफिकीर राहता येत नाही.

झाकण्याची आमची पद्धत अशी. एका टोकापासून सहा-सहा फुटांचे पट्टे टाकत जायचे. पट्टा व्हायब्रेटर मारून, पट्टीने ओढून, रंध्याने सारखा झाला की लगेच त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक कागद अंथरायचा. कागद ओढत न्यायचा नाही, गुंडाळी उलगडत जायचं, आणि कडांवर फळ्या ठेवायच्या म्हणजे खालून वारा शिरत नाही. या कामाला दोन माणसं वेगळी ठेवली होती, त्यांना घमेलं उचलायला लावायचं नाही हे मुकादमाला आधीच बजावलं होतं. त्यांचं काम एकच: कुठे चमक जातेय ते बघणं. कागद टाकायला उशीर होईल तिथे त्यांतला एक जण शेतातला पाठीवरचा फवारणी पंप घेऊन धुकं सोडायचा. नोझल बारीक, तोंड वर, म्हणजे ओलावा स्लॅबवरच्या हवेत राहतो. पंप तणनाशकाचा नसावा, आणि पाणी थेंबाथेंबाने मालावर पडून रंध्याखाली घोटलं जाऊ नये. तसं झालं तर वरची कातडी भुसभुशीत होते.

दीड-दोन तासांनी कागद थोडा उघडून अंगठा दाबून बघायचा. पाव इंचभर ठसा उमटला पण अंगठा रुतला नाही, की लाकडी रंधा पुन्हा जोर लावून फिरवायचा. बारीक चीर सुरू झालेली असेल तर ती या वेळी खरोखर मिटते, कारण आतला माल अजून एकजीव होऊ शकतो. हा दुसरा हात तुमच्या ठेकेदाराने मारला असता तर तुमच्या निम्म्या भेगा तिथेच बंद झाल्या असत्या. हात मारला की पुन्हा कागद. घट्ट झालेल्या मालावर रंधा फिरवला तर मात्र भेगेचं तोंड फक्त पुसलं जातं.

पहाटे पाचला सुरुवातीच्या पट्ट्यांवरचा कागद काढून ओलं गोणपाट टाकलं, नऊपर्यंत सगळा स्लॅब गोणपाटाखाली होता आणि अकराला आळ्यांत पाणी उभं होतं. त्या स्लॅबवर एक भेग निघाली, जिन्याच्या कोपऱ्यात. तिथे कागदाची कड उडाली होती.

सिमेंट वाढवण्याबद्दल: त्याने भेगा वाढतील. सिमेंट जास्त म्हणजे उष्णता जास्त, बारीक कण जास्त आणि आकसणं जास्त. ओल्या स्लॅबवर कोरडं सिमेंट भुरभुरण्याची सवय तर पूर्ण बंद करा. ते वर आलेलं पाणी शोषून घेतं आणि वर जाळीदार तडे पडतात. माल लवकर घट्ट होतो म्हणून मिक्सरवाला पाणी वाढवतो, तेही तितकंच वाईट. पन्नास किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी ठरलं असेल आणि त्याने ३० घातलं, तर पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ वरून ०.६ झालं. ताकद तिथेच गेली, आणि ती पुन्हा आणता येत नाही. हे २५ लिटर रेती-गिट्टीतल्या पाण्यासह आहेत.

माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून रिटार्डर घालावा का, हा प्रश्न तुम्हाला पुढे पडेल. प्लांटवरून ट्रकने लांबून येणाऱ्या तयार काँक्रीटला, म्हणजे आरएमसीला, त्याची गरज असते. पण त्याने माल मऊ राहण्याचा काळ लांबतो, म्हणजे भेग पडू शकते तो काळही लांबतो. जागेवर मिक्सर असेल आणि माल पाच मिनिटांत वर पोचत असेल तर मी तो घालत नाही. घातलाच तर झाकण तितका जास्त वेळ ठेवावं लागतं. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मात्र मी सुचवतो, गोणीमागे १२५ ग्रॅमचं पाकीट. मऊ अवस्थेत ते चीर धरून ठेवतात. ते झाकण्याला पर्याय नाहीत आणि सळईलाही नाहीत. तंतूंमुळे माल कडक वाटतो, तेव्हा पाणी वाढवू दिलंत तर फायदा उलटा होईल.

पाणी किती दिवस मारायचं यावर साइटवर नेहमी वाद होतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या आणि उष्ण हवेत १० च्या खाली नाही, आणि पीपीसीसारख्या सिमेंटला १४ पर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. मी विदर्भात उन्हाळ्यात सरसकट १४ धरतो. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणं याला मी क्युअरिंग म्हणत नाही. मेमध्ये मारलेलं पाणी अर्ध्या तासात वाळतं आणि स्लॅब उरलेला दिवस कोरडा तापतो. आळी तरी करा नाहीतर सतत ओलं गोणपाट ठेवा. पण या सगळ्याचा पहिल्या तासांतल्या भेगांशी संबंध नाही, त्या पडायच्या त्या आळी बांधण्याआधीच पडतात.

हे वाचणाऱ्यांत कोणी डिसेंबरात स्लॅब टाकणारे असतील तर त्यांच्यासाठी थोडं. थंडीत भेगा पडत नाहीत हा समज बरोबर नाही. निफाडकडची थंड पहाट धरा: हवा १० अंश, माल २५, आर्द्रता ५० टक्के, वारा १५. सूत्र ०.९५ देतं. माल हवेपेक्षा गरम असला की पाणी वेगाने सुटतं, आणि थंडीत माल घट्ट व्हायला वेळ लागत असल्याने तो बराच वेळ मऊ आणि उघडा राहतो. तिथे उपाय उलटा: सकाळी ऊन आल्यावर टाकायचा, कागद टाकून वरून कोरडं गोणपाट किंवा पेंढा घालायचा म्हणजे ऊबही राहते. आयएस ७८६१ मध्ये ५ अंशांखालची हवा थंडीतलं काँक्रीट आणि ४० अंशांवरची हवा उष्णतेतलं काँक्रीट धरली आहे. ५ च्या खाली जाणारी रात्र आपल्याकडे क्वचित येते, पण थंडीत टेकू काढायची घाई मात्र सर्रास होते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढावेत हा हिशोब ओपीसीचा आणि १५ अंशांवरच्या हवेचा आहे.

तुमच्याही टेकूंचा विचार करा. महिनाअखेरीस वरचा स्लॅब टाकाल तेव्हा त्याचं सगळं ओलं वजन सेंट्रिंगमधून खालच्या, भेगा पडलेल्या स्लॅबवर येणार आहे. खालचे टेकू वरचा स्लॅब टाकून होईपर्यंत काढू नका, आणि वरचे टेकू शक्यतो खालच्यांच्या बरोबर डोक्यावर येऊ द्या. ठेकेदार प्लेटा अडकल्या म्हणून कुरकुर करेल. त्याला प्लेटा काढू द्यायच्या असतील तर टेकू कसे ठेवायचे ते इंजिनिअरकडून लिहून घ्या.

बाल्कनी आहे का, आणि सिमेंट ओपीसी होतं की पीपीसी, एवढं कळवा. भेगांचे फोटो टाकाल तेव्हा शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे रुंदी कळेल.